तोंडमिळवणीपुरते

आपल्या घरांतून रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. त्याचे फायदे आजवर पुष्कळांनी सांगितले आहेत. त्याचा एक तोटा मात्र माझ्या वाचनात कुठे आलेला नाही. ज्या घरांत रात्री नऊला पाने मांडतात, तिथे पाहुण्यांचे प्रश्न जेवतानाच येतात, आणि तोंडात घास असला की उत्तर लांबवता येते. पाणी प्यावे, आमटीची वाटी पुढे करावी, ठसका लागला तर उत्तमच. आमच्याकडे भाद्रपदात साडेसहाच्या आत ताटे उचललेली असतात. त्यानंतर झोपेपर्यंत तीन-साडेतीन तास उरतात, पंधरा-वीस नातेवाईक उरतात, आणि तोंडात टाकायला काही उरत नाही. अशा वेळी समोर अविवाहित, नोकरी करणारी मुलगी बसलेली असेल, तर माणसांनी करावे तरी काय?

ती मुलगी म्हणजे मी. वय 31, शिक्षणाने सी.ए., पुण्यात एका कंपनीत नोकरी. गाव बार्शी. तिथे आमचे कापडाचे दुकान आहे. ते आजोबांनी सुरू केले. आता मोठे काका, बाबा आणि मोठ्या काकांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, असे तिघे पाहतात. गेल्या भाद्रपदात काकूंनी दशलक्षण पर्वाचे दहा उपवास केले. त्यांच्या पारण्यासाठी सोलापूर, लातूर, कुर्डुवाडी अशा ठिकाणांहून माणसे आली होती. सकाळी पारणे झाले, दुपारी सगळ्यांनी विश्रांती घेतली, संध्याकाळी सहाला मूगडाळीचा शिरा आणि पातळ कढी खाऊन सगळे ओसरीवर येऊन बसले. मला ठाऊक होते की आता आपली पाळी.

प्रश्न दोनच असतात. पहिला माझ्या लग्नाचा, दुसरा माझ्या पगाराचा. शब्द मात्र माणसागणिक निराळे. लातूरची आत्या थेट विचारते, "मग, लाडू कधी देतेस?" कुर्डुवाडीच्या आजी मला न विचारता आईला विचारतात, "यंदा कर्तव्य आहे का?" आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांना लग्नात रस नाही. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "काय, आता किती पडतात हातात?"

या प्रश्नांना तोंड देण्याची विद्या मी पुण्यात शिकले नाही. ती मी आमच्या दुकानाच्या गादीवर, आजोबांच्या शेजारी बसून शिकले.

जुन्या कापड दुकानांत प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर विक्रीच्या किमतीखाली बारीक अक्षरांत खरेदीची किंमत लिहीत. ती आकड्यांत नव्हे, अक्षरांत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा शब्दांची जोडी ठरवायची. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, असे करत शेवटचे म्हणजे शून्य. गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी असे, डोळ्यांसमोर खरेदीचा भाव असे, आणि तरी त्याला काही कळत नसे. दुकानातल्या माणसाला मात्र घासाघीस चालू असताना कुठवर उतरायचे ते एका नजरेत समजे. प्रत्येक पेढीचा शब्द वेगळा. आमचा शब्द मला आजोबांनी मी आठ वर्षांची असताना सांगितला आणि शाळेतसुद्धा कुणाला सांगायचा नाही असे बजावले. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही.

तरीही काही गिऱ्हाइके विचारतच. "शेठ, खरं सांगा, तुम्हाला खरेदी काय पडली?" यावर आजोबा कधी खोटे बोलल्याचे मला आठवत नाही. खोटा भाव सांगितला तर तो लक्षात ठेवावा लागतो. पुढच्या लग्नसराईत त्याच गिऱ्हाइकाला दुसरा आकडा सांगितला की आब गेली. पण ते कधी रागावतही नसत, "तुम्हाला काय करायचंय?" असे तर मुळीच म्हणत नसत. ते हसून म्हणत, "ताई, खरेदी सांगून टाकली तर मग आपण बोलायचं कशावर?" आणि बोलता बोलता मागचा दुसरा गठ्ठा उघडत. "हे बघा, हे इचलकरंजीहून कालच आलंय." बाईचे डोळे आणि हात नव्या कापडावर जात. प्रश्न जुन्या साडीबरोबर घडी होऊन बाजूला पडे.

सारे कौशल्य त्या दुसऱ्या गठ्ठ्यात होते. नुसते हसून गप्प बसले असते, तर गिऱ्हाइकाला आपला अपमान झाला असे वाटले असते. विचारणाऱ्याचे हात रिकामे ठेवायचे नाहीत. त्याने मागितले ते द्यायचे नसेल तर दुसरे काहीतरी चांगले आणि खरे त्याच्या हातात द्यायचे. कुणी धंद्याबद्दल विचारले की आजोबांचे उत्तर ठरलेले असे, "चाललंय तोंडमिळवणीपुरतं." मग लगेच, "तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" शेतकरी गिऱ्हाईक असेल तर पावसावर अर्धा तास सहज जाई.

हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरीही पहिल्या पगाराच्या वेळी मी ते विसरले. तेव्हा मी नुकतीच सी.ए. झाले होते. दिवाळीत घरी आले असताना मोठ्या काकांनी सगळ्यांसमोर पगार विचारला आणि मी अभिमानाने सांगून टाकला, "60 हजार." काकांना तोंडी हिशेबाची सवय. त्यांनी क्षणात बाराने गुणले. "7 लाख 20 हजार! बसल्या जागी, पंख्याखाली. ना उधारी, ना माल पडून राहायची भीती. आणि आम्ही तिघं सकाळी नवापासून रात्री नवापर्यंत उभे असतो." त्यात माझे कौतुक होते, दुकानाबद्दलची चिंताही होती. दादा तेव्हा 28 वर्षांचा होता. तो फराळाचे तबक घेऊन सगळ्यांपुढे फिरत होता. त्याने तबक माझ्यासमोर ठेवले, "पाणी आणतो," म्हणून आत गेला आणि परत आला नाही. पाणी काकूंनी आणले.

त्या दिवशी मला कळले की घरातल्या मंडळींत सांगितलेला आकडा कधी एकटा राहत नाही. तो लगेच कुणाच्या तरी आकड्याशेजारी नेऊन ठेवला जातो. पगार लपवावा असे त्यात काही नव्हते. पण तो कुणाच्या डोक्यावर मारण्यासाठी वापरला जाणार असेल, तर तो चिठ्ठीवर अक्षरांतच लिहिलेला बरा.

तेव्हापासून मी पगाराचा दुसरा गठ्ठा तयार ठेवला आहे. यंदा पारण्याच्या संध्याकाळी मामांनी चष्मा वर सरकवला तेव्हा तो उघडला.

"मामा, पॅकेज सांगू की हातात येतं ते?"

"दोन्ही सांग."

"मग आधी पॅकेज म्हणजे काय ते बघू. तुमच्या दुकानाची उलाढाल म्हणजे नफा नव्हे ना?"

"छे छे! उलाढालीवर कोण जातो?"

"तसंच पॅकेज म्हणजे पगार नव्हे. समजा, माझं पॅकेज 100 रुपये आहे. त्यातले 10 रुपये माझं काम बघून वर्षाच्या शेवटी देणार, आणि काम कसं झालं ते त्यांनीच ठरवायचं."

"म्हणजे कसर कापणार," मामा म्हणाले.

"आता 100 रुपयांत मूळ पगार 40 धरा. त्याच्या 12 टक्के, म्हणजे जवळजवळ 5 रुपये, कंपनी माझ्या भविष्य निर्वाह निधीत भरते. ते माझेच, पण आज हातात नाहीत. आणखी 2 रुपये ग्रॅच्युइटीचे म्हणून पॅकेजमध्ये दाखवतात. ते साधारणपणे सलग 5 वर्षं नोकरी केली तरच मिळायचे. किती राहिले?"

"83."

"त्यातून माझ्या वाट्याचे निधीचे आणखी 5 जातात. 78. मग प्राप्तिकर. आणि वर व्यवसाय कर, महिन्याला 200, फेब्रुवारीत 300."

मामांचा चष्मा खाली आला. "फेब्रुवारीत 300 का?"

"वर्षाचे बरोबर 2,500 भरावेत म्हणून. 11 महिने 200 चे 2,200, आणि वरचे 300."

हे त्यांना फार आवडले. आपण इतकी वर्षे नोकरांचा व्यवसाय कर भरतो आणि हे कधी लक्षात आले नाही, असे ते शेजारी बसलेल्या मोठ्या काकांना सांगू लागले. मोठे काका म्हणाले, "आमच्या दिवाणजींनी सांगितलं होतं मला." तिथून गोष्ट दिवाणजींकडे गेली. मामांच्या पेढीवर 40 वर्षे काम केलेल्या दिवाणजींना निवृत्तीच्या वेळी काय दिले, ते नियमाने किती निघत होते आणि मामांनी प्रत्यक्षात किती दिले, याची कथा सुरू झाली. ती कथा चांगली होती. तिच्या शेवटी मामांना माझी आठवण झाली. "मग तुझ्या हातात किती उरतात?"

"तोंडमिळवणीपुरतं," मी म्हणाले.

मामा खो खो हसले. "अगदी तुझ्या आजोबांची नात!" पगाराचा विषय संपला. एक आकडाही खोटा बोलले नव्हते आणि खरा आकडाही सांगितला नव्हता. 100 रुपये धरून हिशेब मांडण्याची हीच सोय आहे. ऐकणाऱ्याला सगळे समजते, फक्त पगार समजत नाही. मात्र हा गठ्ठा व्यापाऱ्यापुढेच उघडावा. नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला हे सारे आधीच ठाऊक असते. तो 78 ला उलटे गुणून तुम्हाला पकडतो. अशांना मी त्यांच्याच पगारवाढीबद्दल विचारते. त्यांना इतर कुणी ते विचारलेले नसते.

लग्नाच्या प्रश्नाला इतका पक्का गठ्ठा मला सापडलेला नाही. सगळ्यांत सोपी ढाल पंचांगाची. आषाढापासून कार्तिकापर्यंत चातुर्मास. या चार महिन्यांत कुणी लग्नाचा मुहूर्त विचारत नाही. "चातुर्मास चालू आहे, आत्ता कुठे?" असे म्हटले की वडीलधारी माणसेच मान डोलावतात. पण हा माल फक्त चार महिने चालतो. मार्गशीर्ष लागला की तेच वाक्य उलटते, "आता तर चातुर्मासही संपला!" म्हणून त्या काळात होणाऱ्या लग्नांना मी शक्यतो मंडप गजबजल्यावर पोचते. तेव्हा सगळ्यांचे लक्ष वधूवरांकडे असते.

आत्याच्या लाडवांना मी एकदा शब्दशः उत्तर दिले. "मग, लाडू कधी देतेस?" असे तिने विचारताच "आत्ता देते," म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि मुगाचे दोन लाडू बशीत घालून तिच्यापुढे ठेवले. सगळी ओसरी हसली. आत्याही हसली आणि लाडू खाऊ लागली. ही युक्ती एका घरात एकदाच चालते. पुढच्या वर्षी तिने हात जोडून सांगितले, "बाई, ते लाडू नकोत, मला मधुमेह निघालाय. तू मला खरं काय ते सांग."

तेव्हा मी दुसरी थट्टा केली आणि ती मला महागात पडली. मी म्हणाले, "आत्या, मला कुठे वेळ आहे? तूच बघ ना एखादं स्थळ." माझ्या मते तो विषयाचा शेवट होता. आत्याच्या मते ती सुरुवात होती. तीन आठवड्यांत माझ्या मोबाइलवर अकरा मुलांचे परिचयपत्रक आले, त्यांतल्या दोघांच्या पत्रिका एकाच दिवशी दोनदा आल्या. चौथ्या आठवड्यात एक कुटुंब न कळवता बार्शीला आमच्या घरी हजर झाले. मी पुण्यात होते. आईने पोहे केले, अडीच तास त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि मला फोनवर एवढेच म्हणाली, "माणसं चांगली होती गं. फार अवघडल्यासारखं झालं." तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्यामुळे अधिकच लाज वाटली. आजोबांनी दुसरा गठ्ठा उघडला तो विकायचा होता म्हणून. जो माल विकायचाच नाही, तो गिऱ्हाइकासमोर उलगडून ठेवू नये, एवढे मला कळायला हवे होते.

त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट उमगली. मी ओसरीवर जे प्रश्न हसून घालवत होते ते हवेत विरत नव्हते. ते आईकडे जात होते. माणसे माझ्याशी हसत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात तिला विचारत, "काय गं, हिचं मन कुठे गुंतलंय का? की एखादं जमलेलं मोडलं?" तिच्याजवळ उत्तर नव्हते, कारण मी तिच्याशीही थट्टाच करत आले होते. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला सांगत नसत हे खरे; पण गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येई. आईला मी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे केले होते. त्या दिवाळीत मी तिला सगळे सांगितले. कुणात मन गुंतलेले नाही; लग्न नको असेही नाही; दोन वर्षे एका मुलाशी बोलणे चालले होते, ते पुढे सरकले नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून कुणाशी ओळख करून घ्यायचा मला सध्या कंटाळा आला आहे. ती बराच वेळ भाजणीच्या पिठात हात घालून तशीच बसली. मग म्हणाली, "एवढंच? मला वाटलं काही दुखतंय-खुपतंय." तेव्हापासून कुर्डुवाडीच्या आजींनी "कर्तव्य आहे का?" विचारले की आई शांतपणे म्हणते, "आहे. पण घाई नाही." दोनच वाक्ये, मी इतक्या वर्षांत जोडलेल्या सगळ्या युक्त्यांपेक्षा ती अधिक टिकली आहेत.

माझी सर्वांत वाईट चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती मी यंदाच्या पारण्याच्या संध्याकाळी केली.

मामांची दिवाणजींची कथा संपल्यावर ओसरीवर थोडी शांतता पसरली. तेवढ्यात आत्याने माझ्याकडे पाहून तोंड उघडले. मी घाईने म्हणाले, "आत्या, माझं काय घेऊन बसलीस? दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. आधी त्याचा नंबर!" सगळे हसले. दादाही हसला. प्रश्न माझ्यावरून उडून त्याच्यावर जाऊन बसला, आणि तिथून तो उठेना. "खरंच की, त्याचं काय झालं?" "त्या लातूरच्या स्थळाचं?" "नाही म्हणाले." "का?" यावर कुणी काही बोलले नाही, पण का ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तालुक्याच्या गावी दुकान असलेल्या मुलाला मुलगी देताना आता घराघरांतून विचार होतो. मुलगा निर्व्यसनी आहे, घर चांगले आहे, पण पुण्यात फ्लॅट नाही आणि महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम येत नाही. परिचयपत्रकात वार्षिक उत्पन्नाचा जो रकाना असतो, त्यात माझ्यासारखीला एक आकडा लिहून मोकळे होता येते. दादाने काय लिहावे? बरे वर्ष की वाईट? अंगावरच्या उधारीसकट की वजा करून? तीन माणसांत वाटून की एकत्र?

दादा उठला. "दुकानात कोणी नाही, जरा जाऊन येतो," म्हणाला आणि चपला घालून गेला.

कोणाच्याच लक्षात आले नाही की त्या दिवशी पारण्यासाठी दुकान बंद ठेवले होते.

मी दहा मिनिटांनी मागोमाग गेले. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शटर अर्धे वर होते, आत एकच दिवा. दादा गादीवर बसून साड्यांच्या घड्या सारख्या करत होता. त्या आधीच सारख्या होत्या.

"गिऱ्हाईक आलं होतं का?" मी विचारले.

"हो, आत्ताच गेलं. फार घासाघीस करत होतं."

मी शटरखालून वाकून आत गेले आणि त्याच्या समोर बसले. क्षमावाणीला अजून एक दिवस होता, पण मी तिथेच क्षमा मागितली. तो म्हणाला, "उद्या मागायची ती. आज मागितलीस तर उद्या काय करशील?" मग स्वतःच हसला. म्हणाला, "तुला एक सांगू? मला लग्नाचं विचारतात त्याचं काही वाटत नाही. मुलगी बघायला जातो तेव्हा सगळे मला बघतात आणि मी पाहुण्यांच्या अंगावरचं कापड बघतो. लातूरला त्यांच्या काकूंनी नेसलेली साडी आपल्याकडचीच होती. मी भाव ओळखला. तेवढा वेळ बरा गेला."

"मग कशाचं वाटतं?"

तो जरा वेळ काही बोलला नाही. "पप्पा अजून तुझे 7 लाख 20 हजार म्हणतात. सहा वर्षं झाली. आता तर किती झाले असतील."

मी त्याला ओसरीवरची 100 रुपयांची गोष्ट सांगू लागले. त्याने हात वर केला. "माझ्यापुढे गठ्ठे उघडू नकोस. मीही आजोबांच्याच हाताखाली शिकलोय."

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी गल्ल्याच्या शेजारी ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक घेतली, त्याच्या खिशातले पेन काढून घेतले आणि माझा महिन्याचा हातात येणारा पगार आजोबांच्या शब्दातल्या अक्षरांत लिहिला. त्याखाली घरभाडे, त्याखाली येण्याजाण्याचा आणि जेवणाखाण्याचा खर्च, त्याखाली शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता, जो अजून चालू आहे हे घरात फक्त बाबांना माहीत होते. शेवटी रेघ मारून उरते ते. दादाने चिठ्ठी दिव्याजवळ नेली. हल्ली भाव संगणकावर असतात, पट्ट्यांचे लेबल लागते. ती अक्षरे वाचायची वेळ त्याच्यावर बऱ्याच वर्षांत आली नव्हती. तो ओठ हलवत एकेक अक्षर मोजत होता. रेघेखालच्या ओळीशी तो थांबला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिले.

"पुण्यात राहून एवढंच उरतं?"

"एवढंच."

त्याने चिठ्ठी उलटी केली, पेन घेतले आणि मागच्या बाजूला स्वतः लिहू लागला. दुकानाचे गेल्या वर्षाचे, तिघांत वाटून त्याच्या वाट्याचे. लिहिताना एका अक्षरावर अडला. "सात म्हणजे कुठलं गं?" मी सांगितले. त्याने ते लिहिले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ती वाचली. मग आम्ही दोघेही इतके हसलो की समोरच्या औषधांच्या दुकानातला पोऱ्या बाहेर येऊन बघू लागला.

तेवढ्यात शटरखाली मामांचे पाय दिसले आणि पाठोपाठ ते वाकून आत आले. त्यांना आत्याने आम्हाला शोधायला पाठवले होते. "काय चाललंय रे दोघांचं? आणि हे हातात काय?"

"साडीची चिठ्ठी, मामा," दादा म्हणाला.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिली. अक्षरे त्यांना दिसत होती. पण त्यांच्या पेढीचा शब्द वेगळा.

"खरेदी काय पडली?" त्यांनी विचारले.

दादाने मागच्या फळीवरचा एक गठ्ठा ओढला आणि त्याची गाठ सोडू लागला. "बसा ना, मामा. परवाच नवीन माल आलाय. आत्यासाठी एक बघा."